भूकंपात थांबायचे, आगीत निघायचे

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन वारंवार हलू लागली. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर कधी दिवसाआड धक्का बसे, तर कधी एकाच दिवशी अनेक. बहुतेक धक्के लहान होते. गावेच्या गावे गाडली जावीत अशी त्यांची ताकद नव्हती. तरीही फेब्रुवारी २०१९ च्या सुरुवातीला दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. घर तिच्या अंगावर कोसळले नव्हते. धक्का जाणवल्यावर बाहेर पळण्याच्या घाईत ती पडली होती.

आगीत नेमके याच्या उलट घडते. पेटलेल्या घरात शिरणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानांना लहान मुले दाराकडे पळताना क्वचितच दिसतात. ती सापडतात पलंगाखाली, कपाटात, गाद्यांच्या ढिगामागे. डोळ्यांना जे दिसत नाही ते आपल्यालाही पाहत नाही, असे लहान मुलाला वाटते. म्हणून ते लपते, आणि हाका मारल्या तरी ओ देत नाही.

म्हणजे घाबरलेले मूल भूकंपात पळते आणि आगीत लपते. करायला हवे ते नेमके उलटे. भूकंपात असेल तिथेच डोके झाकून थांबायचे, आगीत कुठेही न लपता बाहेर पडायचे. प्राथमिक शाळेतल्या सरावाचा सगळा अवघडपणा या उलट्या आज्ञांमध्ये आहे. मुलांना न घाबरवता शिकवण्याचे कारणही इथेच सापडते. भीती वाढली की मूल शिकवलेले विसरते आणि पळणे किंवा लपणे यांपैकी जे आधी सुचेल ते करते. त्यामुळे धाकाने घेतलेला सराव मुलाला त्रास तर देतोच, शिवाय ऐनवेळी कामालाही येत नाही.

बऱ्याच शाळांत हे दोन्ही सराव एकाच दिवशी उरकले जातात. आधी घंटा होते, मुले बाकांखाली जातात, मग पुन्हा घंटा होते आणि सगळे मैदानावर पळतात. फोटो निघतात, अहवाल जातो. दुसरीतल्या मुलाच्या मनात मात्र ‘घंटा झाली की बाकाखाली जायचे आणि मग धावायचे’ एवढेच उरते. आगीची घंटा ऐकून ते मूल बाकाखाली जाऊन बसले, तर दोष त्याचा नाही. म्हणून पहिली गोष्ट ही की दोन्ही पाठ वेगळे ठेवावेत आणि मध्ये निदान आठवडाभर जाऊ द्यावा.

हा पाठ प्रत्यक्षात कसा घ्यावा, हे एका वर्गाच्या आधाराने पाहू. जिल्हा परिषदेची शाळा, दुसरीचा वर्ग, पस्तीस मुले. अर्ध्या मुलांना बाक आहेत, उरलेली पट्ट्यांवर बसतात. वर पत्रा, एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसऱ्या भिंतीला खिडक्या. चपला दाराबाहेर.

पहिला दिवस भूकंपाचा. बाई तो सांगतात तीन-चार वाक्यांत. जमिनीच्या खूप खाली मोठमोठे खडक आहेत. ते कधी कधी सरकतात, तेव्हा वर सगळे हलते. हे हलणे थोडा वेळ चालते आणि मग थांबते. यातले शेवटचे वाक्य मुलांसाठी सर्वांत मोलाचे, कारण हलण्याला शेवट आहे हे कळले की थांबून राहणे शक्य होते. ढिगाऱ्यांची चित्रे नाहीत, मृतांचे आकडे नाहीत, मोबाइलवरचे व्हिडिओ नाहीत. ती माहिती मोठ्यांसाठी आहे. सात वर्षांच्या मुलाला त्यातून कोणतीही कृती शिकता येत नाही.

मग कासव. न्यूझीलंडमध्ये बालवाडीतल्या मुलांनाही भूकंपाचा सराव कासवाच्या रूपाने शिकवतात. आपल्याकडे तर कासवाची ओळख करून देण्याचीही गरज नाही. गुडघे टेकून खाली व्हायचे, कपाळ गुडघ्यांकडे न्यायचे, डोके आणि मान हातांनी झाकायची. बाक असेल तर त्याखाली शिरून एक हात मानेवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने बाकाचा पाय धरायचा.

यातल्या प्रत्येक हालचालीला कारण आहे आणि ते मुलांना सांगितले तर त्यांना आवडते. आपणहून खाली का व्हायचे? कारण जोराचा धक्का उभ्या माणसाला पाडतो. बाकाचा पाय का धरायचा? कारण जमीन हलताना बाकही सरकतो आणि धरून ठेवला नाही तर डोक्यावरचे छप्पर दूर निघून जाते. चुका बहुतेक वर्गांत सारख्याच होतात. धड बाकाखाली आणि डोके बाहेर, असे निम्मे वर्ग करतात, कारण बाहेर काय चालले आहे ते मुलांना पाहायचे असते. काही जण बाकाची कड वरून पकडतात, आणि वरून काही पडले तर चिरडणार ती बोटेच. बाईंनी अशा वेळी ओरडू नये. वाकून त्या मुलाचा हात धरावा आणि बाकाच्या पायावर ठेवावा, तेवढे पुरते.

पट्टीवर बसणाऱ्या मुलांचे काय? छापील तक्त्यांवरच्या चित्रांत नेहमी बाक असतो, त्यामुळे हा प्रश्न राहून जातो. या मुलांनी कपाटापासून आणि खिडक्यांपासून दूर, आतल्या भिंतीच्या कडेला कासव व्हायचे आणि दप्तर डोक्यावर धरायचे. ती जागा आधीच ठरवून खडूने आखून ठेवली तर मुले आपोआप तिकडे सरकतात. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला खाली उतरवायचे नाही. खुर्चीचे ब्रेक लावून त्याने वाकायचे आणि डोके झाकायचे. वर्गातल्या लोखंडी कपाटाकडेही याच दिवशी लक्ष द्यावे. ते भिंतीला पट्टीने जखडले आणि वरचे नकाशे, ट्रॉफ्या, जुन्या वह्यांचे गठ्ठे खाली घेतले, तर मुलांच्या कोणत्याही सरावाइतकाच त्याचा उपयोग होतो.

आता खूण कोणती द्यायची? भूकंप झाला तर कोणी घंटा वाजवायला जाणार नाही आणि वीज गेली तर विजेची घंटा वाजणारही नाही. जमिनीचे हलणे हीच खूण. म्हणून या सरावात घंटा नकोच. बाई म्हणतात, ‘सगळ्यांनी हातांनी जमीन थोपटा, हळू, आता जोरात.’ पस्तीस मुलांच्या सत्तर तळव्यांचा गडगडाट होतो आणि बाई ‘कासव’ म्हणतात. आवाज मुलांनीच केलेला असतो, त्यामुळे तो त्यांना घाबरवत नाही. कानांवर हात ठेवणारी, मोठ्या आवाजाने बिथरणारी एक-दोन मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना थोपटणे कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे हे सांगण्याचे काम द्यावे.

कासव झाल्यावर सगळा वर्ग मोठ्याने साठपर्यंत अंक म्हणतो. जोराचे हलणे बहुधा मिनिटभराच्या आत संपते, म्हणून साठ. मोजताना श्वास चालू राहतो, रडू मागे पडते, आणि बाईंना न पाहताही कळते की सगळी मुले ठीक आहेत. यात बाईंनीही खाली बसायला हवे. उभ्या राहून सूचना देणाऱ्या बाईंकडे पाहून मुले शिकतात की मोठ्या माणसांना हे लागू नाही.

मोजून झाले की हात डोक्यावर ठेवून रांगेने बाहेर. थांबायचे ते भिंत, पाण्याची टाकी आणि विजेच्या तारा यांपासून लांब मोकळ्या जागेत. वाटेत बाई एकदा मध्येच ‘कासव’ म्हणतात, कारण मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के येतच राहतात. मुलांना हा भाग फार आवडतो. पहिल्या दिवशी एवढेच. पुढच्या तासाला नेहमीचे गणित.

दुसरा पाठ आगीचा, आणि त्याची सुरुवात घंटेपासून. बहुतेक शाळांत लांबलचक घंटा म्हणजे शाळा सुटली. तीच आगीची खूण ठेवली तर मुले आनंदाने ओरडतात, दप्तरे भरतात, दारात गर्दी करतात. म्हणून आगीची खूण वेगळीच हवी. न थांबता वाजणारी शिट्टी किंवा थाळीवर सलग ठोके चालतील. मुलांना ती आधी बसल्या जागी दोन-तीनदा ऐकवायची, नुसती ओळखायला. ती ऐकून धावायचे काही नाही.

बाहेर पडण्याचे नियम जपानच्या प्राथमिक शाळांत चारच आहेत आणि ते तिथल्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. ढकलायचे नाही, धावायचे नाही, बोलायचे नाही, परत फिरायचे नाही. पहिल्या दोन नियमांचे कारण दारातली चेंगराचेंगरी. तिसरा शिस्तीसाठी आहे असे वाटते, पण तो ऐकू येण्यासाठी आहे. पुढचा जिना धुराने भरला असेल तर बाईंचे ‘मागे वळा’ हे शब्द शेवटच्या मुलापर्यंत पोहोचायला हवेत. चौथा नियम सर्वांत कठीण. दप्तर, पाण्याची नवी बाटली, मागे राहिलेला लहान भाऊ, यांतल्या कशासाठीही परत वळायचे नाही. भावाच्या बाबतीत मुलाला नुसते ‘नाही’ म्हणून चालत नाही. ‘त्याला त्याच्या बाई बाहेर आणणार आहेत, तो तुला मैदानावर भेटेल’ असे सांगावे लागते आणि सरावात ती भेट खरोखर घडवावी लागते. एकदा भाऊ मैदानावर दिसला की पुढच्या वेळी ते मूल वळून पाहत नाही.

पस्तीस मुलांच्या वर्गात खरी अडचण येते दाराबाहेर. तिथे सत्तर चपलांचा ढीग. पहिली पाच मुले बाहेर पडतात आणि सहावे खाली वाकून आपली चप्पल शोधू लागते. मागची रांग त्याच्यावर आदळते. ‘चपला घालू नका’ असे कितीही सांगितले तरी रोजची सवय जिंकते. उपाय सोपा आहे. चपला दारासमोरून हलवून वाटेच्या बाजूला, भिंतीलगत एका ओळीत ठेवायच्या. तेवढ्याने वाट मोकळी होते आणि अनवाणी मुलांचे पायही ढिगात अडकत नाहीत.

धुराचा पाठ धुराशिवाय देता येतो. दोन शिक्षक एक सतरंजी मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर ताणून धरतात. सतरंजी म्हणजे धूर. गरम धूर वर जातो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली, जमिनीजवळ उरते. मुले सतरंजीला डोके न लावता खालून रांगत पलीकडे जातात. पहिली खेप हसण्यात जाते, दुसऱ्या खेपेला ती नीट रांगतात. काही ठिकाणी सरावात टायर किंवा ओला पालापाचोळा पेटवून खरा धूर करतात, मुलांना लाल रंग लावून जखमी म्हणून झोपवतात. प्राथमिक वर्गांसाठी हे टाळावे. त्या धुराने दम्याच्या मुलाला त्रास होतो, आणि जखमीचे सोंग घेतलेला मित्र पाहून सहा वर्षांच्या मुलाला ते सोंग वाटत नाही.

अंगावरचे कपडे पेटले तर थांबायचे, खाली पडायचे, तोंड हातांनी झाकून लोळायचे, हेही याच दिवशी शिकवता येते. मात्र लोळण्यात मजा असल्यामुळे मुलांना तेवढेच लक्षात राहते, आणि पुढे ‘आग लागली तर काय कराल?’ असे विचारले की सगळी मुले लोळून दाखवतात. म्हणून लोळणे पाठाच्या अगदी शेवटी घ्यावे आणि ते फक्त अंगावरचा कपडा पेटला तरच, हे पुन्हा पुन्हा विचारून पक्के करावे.

अग्निशमन दलाचा जवान शाळेत येणार असेल तर त्याला आधी एक विनंती करावी. पूर्ण पोशाख आणि श्वासाचा मुखवटा घालून त्याने वर्गात शिरू नये. त्या रूपाला आणि मुखवट्यातून येणाऱ्या घरघर आवाजाला घाबरूनच मुले आगीत जवानांपासूनही लपतात. त्याने साध्या कपड्यांत यावे, मुलांशी बोलावे आणि मग एकेक वस्तू त्यांच्यासमोर चढवावी, आधी बूट, मग अंगरखा, शिरस्त्राण आणि शेवटी मुखवटा. मुखवटा चढवल्यावर त्याने मुलांना नावाने हाक मारावी. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटांत अग्निशमन दलाच्या कितीतरी जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. पण तो शाळांच्या परीक्षांचा काळ असतो. प्राथमिक वर्गांसाठी पावसाळ्यानंतरचा एखादा निवांत दिवस मागून घेतलेला बरा.

दोन्ही पाठ वेगवेगळे पक्के झाल्यावर, तिसऱ्या तासाला ते एकत्र करायचे. बाई प्रसंग सांगतात आणि मुले नुसती कृती करतात. ‘जमीन हलते आहे.’ कासव. ‘स्वयंपाकघरातून धूर येतो आहे.’ रांग. ‘जमीन हलते आहे आणि धूरही दिसतो आहे.’ इथे वर्ग थबकतो, आणि तो थबकायलाच हवा. उत्तर असे की हलणे थांबेपर्यंत कासव, मग लगेच रांग. या तासाला बाईंनी कागदावर एवढेच टिपावे की धुराच्या प्रसंगाला किती मुले बाकाखाली गेली. एक-दोन असतील तर त्यांना शेजारच्या मुलासोबत पुन्हा करू द्यावे. सात-आठ असतील तर दोन्ही पाठ मुलांच्या डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत असे समजावे आणि आठवडाभर फक्त आगीचाच सराव घ्यावा.

सगळ्या वर्गांत पहिला बाहेर येणाऱ्याला बक्षीस, ही कल्पना मोहक वाटते. ती करू नये. शर्यत लागली की ढकलाढकली सुरू होते आणि चारांपैकी पहिले दोन नियम तिथेच मोडतात. वेळ शिक्षकांनी आपल्यापुरती मोजावी. मुलांचे कौतुक करायचे ते न बोलता आल्याबद्दल.

मुले प्रश्न विचारतात आणि ते मोठ्यांच्या अपेक्षेपेक्षा थेट असतात. ‘बाई, खरंच भूकंप होणार आहे का?’ याला ‘छे, आपल्याकडे नाही होत’ असे उत्तर देऊ नये. पुढे कधी धक्का बसला तर बाईंच्या कोणत्याच शब्दावर मुलाचा विश्वास राहणार नाही. ‘कधी होईल ते कोणालाच सांगता येत नाही. झाला तर काय करायचं ते आपल्याला माहीत आहे,’ एवढे उत्तर पुरते. ‘माझी आई घरी एकटी असेल तर?’ हा प्रश्न वेगळा. मुलाला तिथे भूकंपाची माहिती नको असते, आईची हमी हवी असते. ‘तुझ्या आईलाही कासव शिकव, आज घरी गेल्यावर,’ असे सांगितले की त्या काळजीला काम मिळते.

पूर्वसूचना न देता घेतलेला सराव शिक्षकांना शाळेची तयारी दाखवतो, पण लहान मुलांचा पहिला सराव कधीच अचानक असू नये. आदल्या दिवशी मुलांना सांगावे, पालकांच्या गटावर निरोप टाकावा. न्यूझीलंडमध्ये केव्हिन रोनन आणि डेव्हिड जॉन्स्टन यांनी शाळकरी मुलांच्या आपत्ती-शिक्षणाचा अभ्यास केला. असे शिक्षण मिळालेल्या मुलांना धोक्यांची माहिती अधिक असते आणि भीती वाढण्याऐवजी कमी होते, असे त्यांना दिसले. त्यांचा भर मुलांनी ते घरी जाऊन आईवडिलांशी बोलण्यावरही आहे. सरावानंतरच्या दोन-तीन दिवसांत एखादे मूल एकटे लघवीला जायला घाबरत असेल, रात्री दचकून उठत असेल किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर पुढच्या वेळी त्याला कासव व्हायची सक्ती करू नये. आधी त्याने बाईंच्या शेजारी उभे राहून इतरांना पाहावे.

घरी सांगताना एक अडचण येते. बाकाखाली थांबण्याचा नियम पक्क्या स्लॅबच्या, खांब-तुळयांच्या किंवा हलक्या छताच्या इमारतीसाठी आहे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होते, लोक उशिरा झोपले होते. मराठवाड्यातल्या त्या गावांतली घरे होती जाड दगडमातीच्या भिंतींची आणि वर मातीचा जड थर असलेल्या माळवदाची. अशी भिंत फुटली की सगळे माळवद खाली येते आणि पलंग किंवा टेबल त्याचे ओझे पेलू शकत नाही. अशा एकमजली घरात मूल दाराजवळ असेल आणि अंगण दोन पावलांवर असेल, तर बाहेर जाणेच बरे. म्हणून ‘घरी कासव शिकव’ म्हणण्याआधी बाईंनी मुलांना आपापले घर काढायला सांगावे. भिंत कशाची, छत कशाचे, आपण झोपतो कुठे, दार किती पावलांवर. पस्तीस चित्रे पाहिली की कोणत्या चार-पाच घरांतल्या पालकांशी स्वतंत्रपणे बोलायला हवे, हे लगेच कळते.

मुलांचा सराव नीट झाला तरी मोठ्यांचे काम उरते. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली, गवताच्या छपरावरून ती वर्गांवर पसरली आणि ९४ मुले गेली. त्यानंतरच्या एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांना आग विझवण्याची साधने आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांबाबत आदेश दिले. ही हकिगत मुलांना सांगण्याची नाही. शिक्षकांनी मात्र ती लक्षात ठेवून आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरापासून फेरी सुरू करावी. गॅसची टाकी वर्गाच्या भिंतीला लागून आहे का, टाकी बंद कशी करायची हे खिचडी शिजवणाऱ्या ताईंना माहीत आहे का, त्यांना सरावाला बोलावले होते का? वर्गाचे दार आत उघडते की बाहेर? आत उघडत असेल तर शाळेच्या वेळेत ते पूर्ण उघडून मागे अडकवून ठेवलेले बरे, कारण आतून मुलांची गर्दी रेटू लागली की ते उघडता येत नाही.

मैदानावर पोहोचल्यावर हजेरीपटावरून नावे घेतली जातात. सरावात बऱ्याचदा असे होते की बाई मैदानावर येतात आणि हजेरीपट टेबलाच्या खणात राहतो. मग मुले मोजायची, पण आज हजर किती होती ते कोणालाच आठवत नाही. हजेरीपटाची जागा दाराशेजारच्या खिळ्यावर ठरवली की हे टळते. आणि मधल्या सुटीत शिट्टी वाजवून एकदा पाहावे. तेव्हा कोणी नळावर असते, कोणी स्वच्छतागृहात, कोणी आवाराबाहेर गोळ्या आणायला गेलेले. वर्गात नीट रांग लावणारी मुले तेव्हा आपल्या वर्गाकडे धावत सुटतात, कारण रांग वर्गातूनच सुरू होते असे त्यांना शिकवलेले असते. त्यांना सांगावे लागते की बाहेर असाल तर आत जायचे नाही, थेट मैदानावरच्या आपल्या खुणेपाशी यायचे. याच फेरीत शाळेच्या मागच्या फाटकाचे कुलूप उघडून पाहावे. मैदान लहान असेल तर मुलांना तिथूनच बाहेर न्यावे लागते, आणि त्याची किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके त्या दिवशी रजेवर असू शकतात.